लाकडी चौकट भिंतीत बसवताना: होल्डफास्ट, ओळंबा आणि पाचर

दार घासतं, आपोआप उघडतं, कडी जागेवर येत नाही, अशी तक्रार आली की लोक बिजागरी बदलतात किंवा दारावर रंधा मारतात. दोष बहुतेक वेळा चौकटीत असतो आणि तो काँक्रीट ओतलं त्याच दिवशी कायमचा बसलेला असतो. काँक्रीट सुकल्यावर दोन मिलिमीटर सरकवायचे म्हटले तरी भिंत फोडावी लागते. म्हणून या कामात वेळ द्यायचा तो काँक्रीट भरण्याच्या आधी.

इथे एकच प्रकार घेतला आहे: विटांची २३० मिमी जाडीची भिंत बांधून झालेली आहे, वर लिंटल पडलं आहे, प्लास्टर आणि फरशी अजून व्हायची आहे आणि दारासाठी सोडलेल्या ओपनिंगमध्ये उंबरठा नसलेली चौकट उभी करायची आहे. उदाहरणासाठी मापं अशी धरू. चौकटीचं लाकूड १०० × ६५ मिमी, बाहेरून रुंदी १००० मिमी, तयार फरशीपासून वरच्या टोकापर्यंत उंची २१०० मिमी. दोन्ही खांब फरशीत आणखी ४० मिमी खाली जातात, म्हणजे खांबांची एकूण लांबी २१४०. ओपनिंग १०२० मिमी रुंद आणि तयार फरशीपासून २११५ मिमी उंच. तुमची मापं वेगळी असतील, हिशेब हाच.

## लागणारं सामान

- होल्डफास्ट ६ नग: चौकट भिंतीला धरून ठेवणारी ४० मिमी रुंद, ५ मिमी जाड लोखंडी पट्टी. एक टोक ६० मिमी काटकोनात वाकवून त्याला दोन-तीन भोकं, दुसरं टोक चिरून माशाच्या शेपटीसारखं फाकवलेलं. वाकवल्यावर भिंतीत जाणारा भाग २३० ते २४० मिमी.
- ४० मिमी लांबीचे जाड स्क्रू, प्रत्येक होल्डफास्टला दोन किंवा तीन.
- पाचरींच्या किमान १० जोड्या, टणक लाकडाच्या किंवा जाड प्लायच्या.
- तीन आडपट्ट्या, एक तिरकी पट्टी, चार धीरे.
- ओळंबा, पाण्याची नळी, स्पिरिट लेव्हल, गुण्या, मोजपट्टी, बारीक दोरा, पेन्सिल.
- विटांसाठी छिन्नी-हातोडा, लाकडासाठी पटाशी.
- काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू आणि बारीक खडी. प्रमाण पुढे दिलं आहे.
- चौकटीच्या मागच्या बाजूला लावायला डांबर किंवा लाकडाचा प्रायमर.

पाचरी घाईघाईत तासून घेऊ नका. १०० मिमी लांबीत १० मिमी उतार ठेवला की हिशेब सोपा होतो: पाचर १० मिमी आत ठोकली की चौकट १ मिमी सरकते. सगळ्या पाचरींचा उतार सारखाच हवा. त्याचं कारण चौथ्या पायरीत येईल.

## १. आधी चौकट जमिनीवर तपासा

चौकट सपाट जागी आडवी ठेवा. दोन खांबांमधलं आतलं अंतर वरच्या सांध्यापाशी मोजा. आपल्या उदाहरणात ते ८७० मिमी येतं, १००० वजा दोन वेळा ६५. खाली खांब मोकळे असल्याने ते हमखास कमी-जास्त झालेले असतात. तळापासून दीडशे मिमीवर, मध्ये आणि वरून तिसऱ्या हिश्श्यावर नेमक्या ८७० मिमीच्या आडपट्ट्या बसवा. त्या खांबांच्या मधे अडकल्या पाहिजेत. नुसत्या वरून ठोकलेल्या पट्टीमुळे खांब बाहेर जायचे थांबतात, आत यायचे थांबत नाहीत. आणि काँक्रीट ठासताना खांब आतच ढकलला जातो.

खांबांवर तळापासून ४० मिमीवर तयार फरशीची रेघ मारा आणि तिच्या १००० मिमी वर आणखी एक खूण करा. फरशीच्या रेघेपासून समोरच्या वरच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. आपल्या मापात प्रत्येक कर्ण २२१३ मिमी यायला हवा. कर्णांत ५ मिमी फरक असेल तर चौकटीचं डोकं सहा-साडेसहा मिमी बाजूला सरकलेलं असतं, म्हणून ‘पाच मिमीच तर आहे’ म्हणून सोडू नका. कर्ण जुळले की तिरकी पट्टी ठोकून टाका. ती दाराचं पान ज्या खाचेत बसतं त्या पतामावर ठोकू नका, खिळ्याची भोकं तिथे दिसतात.

आता चौकटीची मागची बाजू आणि खांबांची तळाची टोकं डांबराने किंवा प्रायमरने दोन हात मारून घ्या. तळाच्या टोकाला लाकडाचे रेषे उघडे असतात आणि पाणी तिथूनच सर्वांत वेगाने चढतं. चौकट उभी झाल्यावर तिथे ब्रश जात नाही.

## २. भिंतीवर लेव्हलची रेघ आणि खाचा

सगळी उंची तयार फरशीपासून मोजायची, स्लॅबपासून नाही. पाण्याच्या नळीने ओपनिंगच्या दोन्ही बाजूंना तयार फरशीच्या बरोबर १००० मिमी वर रेघ मारा. मग त्या रेघेपासून खाली स्लॅबपर्यंत मोजून पाहा. समजा डावीकडे १०६० आणि उजवीकडे १०६६ आलं, तर स्लॅब ६ मिमी उतरता आहे. खांब फरशीच्या ४० मिमी खाली जाणार, म्हणून डाव्या खांबाखाली २० मिमी आणि उजव्याखाली २६ मिमी पॅकिंग लागणार. हे आधी माहीत असलं की चौकट उभी केल्यावर धांदल होत नाही. लेव्हल न पाहता दोन्ही खांब स्लॅबवर टेकवणं ही नवख्यांची सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. खांब ओळंब्यात आले तरी डोकं तिरपं राहतं आणि मग दाराच्या वरची फट एका बाजूला उघडते.

होल्डफास्ट प्रत्येक बाजूला तीन: तयार फरशीपासून ३०० मिमीवर एक, वरच्या टोकापासून ३०० मिमी खाली एक, म्हणजे १८०० वर, आणि मधला १०५० वर. लेव्हलच्या रेघेपासून मोजायचं तर ७०० मिमी खाली, ५० मिमी वर आणि ८०० मिमी वर. वीटकामाच्या थरानुसार दोन-तीन सेंटिमीटर इकडे-तिकडे चालतं, मात्र जे ठरवाल तीच खूण लाकडावर आणि भिंतीवर दोन्हीकडे करा.

खाच २५० मिमी आडवी, १५० मिमी उंच आणि १०० मिमी खोल. ती भिंतीच्या ज्या तोंडाकडून चौकट आत ढकलायची त्या तोंडावर उघडी असली पाहिजे, हे विसरू नका. होल्डफास्ट आधीच चौकटीला लागलेले असतात आणि दोन्ही बाजूंना पाव मीटर बाहेर आलेले असतात. फक्त ओपनिंगच्या कडेत आतल्या आत खाच पाडली तर ती चौकट आत जाणारच नाही. मग कोणीतरी होल्डफास्ट वाकवतो, चौकट घुसवतो आणि आत ते सरळ करण्याचा आव आणतो. असा वाकवलेला होल्डफास्ट नावापुरताच असतो.

खाच तळाशी तोंडापेक्षा थोडी रुंद करा म्हणजे काँक्रीटचा ठोकळा ओढला तरी बाहेर येत नाही. छिन्नी एका जागी जोरात मारू नका, आजूबाजूच्या विटा सैल होतात. बांधकाम चालू असतानाच या जागा सोडून ठेवल्या असतील तर उत्तमच.

## ३. होल्डफास्ट लावून चौकट उभी करणे

चौकटीच्या पाठीवर खुणेच्या जागी पटाशीने ५ मिमी खोल घर पाडा म्हणजे होल्डफास्टचं वाकलेलं टोक लाकडाच्या पातळीत बसेल. चौकटीच्या समोरच्या कडेपासून होल्डफास्टचा मध्य साधारण ६० मिमी आत ठेवा, म्हणजे प्लास्टर आणि काँक्रीट मिळून लोखंडाला पुरेसं झाकण मिळतं. स्क्रूला आधी बारीक भोक पाडून घ्या. खिळ्यांनी लावलेला होल्डफास्ट दार रोज आपटल्यावर हळूहळू सैल होतो. स्क्रू ४० मिमीपेक्षा लांब घेऊ नका, कारण पताम काढल्यावर लाकूड ६५ वरून साधारण ५० मिमीच उरतं.

वरच्या आडव्या लाकडाची शिंगं बाहेर आलेली असतील तर ती खांबाच्या बरोबरीने कापा किंवा त्यांच्यासाठीही भिंतीत खाच करा. कापलेल्या टोकाला लगेच डांबर.

चौकट कोणत्या तोंडाला आणि किती बाहेर ठेवायची ते आताच ठरतं. दार ज्या खोलीत उघडतं त्या बाजूला पताम आणि त्याच बाजूच्या तयार प्लास्टरच्या पातळीत चौकटीचं तोंड. प्लास्टर १२ मिमी येणार असेल तर चौकट विटांच्या १२ मिमी बाहेर. शेजारच्या भिंतीवर प्लास्टरचे टिपके आधी लावून त्यावरून दोरा ताणला तर अंदाजावर काम राहत नाही. भिंतच ओळंब्यात नसेल, समजा उंचीत ८ मिमी कलली असेल, तरी चौकट भिंतीबरोबर कलती करू नका. चौकट सरळ उभी करायची. प्लास्टर एका टोकाला १२ आणि दुसऱ्या टोकाला २० मिमी होईल, ते प्लास्टरवाला सांभाळून घेतो. दार मात्र कललेली चौकट सांभाळत नाही.

दोघांनी चौकट उचलून आत सरकवा. डाव्या खांबाखाली २० आणि उजव्याखाली २६ मिमी पॅकिंग ठेवा, म्हणजे खांबांवर आधीच मारलेली १००० मिमीची खूण भिंतीवरच्या रेघेशी जुळेल. दोन्ही बाजूंनी धीरे लावा आणि ते जमिनीवर खुंटी किंवा जड वस्तूने अडवा. धीरे एकाच बाजूने लावले तर चौकट दुसऱ्या बाजूला सरकायला मोकळी राहते.

## ४. पाचरी आणि ओळंबा

पाचर नेहमी जोडीने: एक भिंतीच्या एका तोंडाकडून, दुसरी समोरून, उतार एकमेकांवर. सारखा उतार असलेल्या दोन पाचरी एकमेकींवर सरकल्या की त्यांच्या बाहेरच्या बाजू समांतर राहतात आणि खांब सरळ दाबला जातो. एकच पाचर मारली तर ती खांबाच्या एका कडेलाच दाबते आणि खांबाला पीळ पडतो. हा पीळ डोळ्यांना दिसत नाही, दार लावल्यावर बिजागरीत कळतो.

जोड्यांची जागा होल्डफास्टच्या लगेच वर किंवा खाली आणि वरच्या कोपऱ्यांत, आडव्या लाकडाच्या रेषेत. लिंटल आणि आडव्या लाकडाच्या मधे पाचर फक्त खांबांच्या डोक्यावर मारा. मध्यभागी मारली तर आडवं लाकूड खाली वाकतं. मधल्या होल्डफास्टपाशी पाचर मारताना समोर आडपट्टी आहे ना ते पाहा, नाहीतर खांबाला पोट येतं. कागदाच्या घड्या, पुठ्ठा, मातीचा गोळा पाचर म्हणून चालत नाही. ओल्या काँक्रीटजवळ ते भिजून दबतात.

सुरुवात बिजागरीच्या खांबापासून. दाराचा सगळा भार तोच घेतो, दुसरा खांब त्याला बघून लावायचा.

गवंड्याच्या ओळंब्याला गोळ्याच्या व्यासाएवढा गुटका असतो. गुटका खांबाच्या वरच्या भागाला टेकवा आणि गोळा तळापर्यंत सोडा. वाऱ्याने हलत असेल तर गोळा थांबेपर्यंत थांबा. गोळा खांबाला जेमतेम शिवला पाहिजे. गोळा लाकडावर टेकून दोरी त्याच्याकडे झुकली असेल तर खालची बाजू पुढे आहे. गोळा आणि खांब यांच्यामध्ये फट असेल तर वरची बाजू तेवढी पुढे झुकली आहे. हे दोन बाजूंनी पाहायचं: एकदा चौकटीच्या तोंडावर, एकदा आतल्या कडेवर.

एक प्रत्यक्ष उदाहरण. तोंडावर गोळा तळाशी ४ मिमी लांब राहिला. म्हणजे डोकं खोलीच्या बाजूला ४ मिमी झुकलेलं आहे. असंच ठेवलं तर दार आपोआप खोलीत उघडत राहील. उपाय: वरच्या पाचरींची जोडी किंचित सैल करा, धीऱ्याने डोकं ४ मिमी मागे ढकला, पाचर परत घट्ट करा. आता आतल्या कडेवर ओळंबा धरला तर गोळा ३ मिमी लांब. म्हणजे डोकं ओपनिंगच्या आत कललं आहे. बिजागरीच्या बाजूच्या वरच्या पाचरींतली एक ३० मिमी बाहेर काढा आणि समोरच्या खांबामागची पाचर हळूहळू ठोका. चौकट ३ मिमी सरकते. मग पुन्हा तोंडावरचा ओळंबा पाहा. एक बाजू सुधारली की दुसरी थोडी बिघडते, म्हणून दोन-तीन फेऱ्या होतातच.

टोकं ओळंब्यात आली म्हणजे काम झालं असं नाही. दोरी सोडलेली असतानाच मध्यावर दोरीपासून खांबापर्यंतचं अंतर मोजा. ते वर आणि खाली जेवढं आहे तेवढंच आलं पाहिजे. मध्ये ३ मिमी कमी आलं तर खांबाला पोट आहे, मधली पाचर सैल करा. २१०० उंचीत २ मिमीपर्यंत फरक चालवून घ्या, त्याहून जास्त नाही. स्पिरिट लेव्हल आडव्या लाकडासाठी चांगली, पण खांबांसाठी लांब ओळंब्यावर जास्त विश्वास ठेवा. लहान लेव्हल खांबाच्या एका तुकड्याबद्दलच सांगते.

## ५. पीळ तपासण्यासाठी दोन दोरे

दोन्ही खांब वेगवेगळे ओळंब्यात असले तरी चालढकल करू नका, ही तपासणी करा. दोन्ही खांब तोंडाच्या दिशेने थोडे-थोडे उलट कलले असतील, एक १ मिमी पुढे आणि दुसरा १ मिमी मागे, तर प्रत्येकाची चूक मर्यादेत दिसते आणि एकत्र मिळून दार एका कोपऱ्यात टेकतं.

चौकटीच्या चारही कोपऱ्यांना तोंडावर सारख्या उंचीचे खिळे ठोकून दोन दोरे कर्णावर ताणा. मध्ये ते एकमेकांना जेमतेम शिवले पाहिजेत. मग कोणता दोरा वर ठेवला आहे ते बदलून पुन्हा पाहा, निकाल सारखाच हवा. मध्ये ३ मिमी फट दिसली तर एखादा कोपरा ६ मिमी बाहेर आहे. मधली फट कोपऱ्यातल्या चुकीच्या निम्मी असते, हे लक्षात ठेवा, कारण ३ मिमी बघून बरेच जण समाधानी होतात.

याच टप्प्यावर कर्ण परत मोजा, वर-मध्ये-खाली ८७० मोजा आणि डोक्यावर लेव्हल ठेवा.

## ६. काँक्रीट भरणे

प्रमाण १:३:६, म्हणजे सिमेंट एक, वाळू तीन, खडी सहा. खडी १० ते १२ मिमीची, कारण मोठी खडी होल्डफास्टच्या खाली अडकते आणि पोकळी राहते. एका खाचेत पावणेचार लिटर माल लागतो, सहा खाचांना साडेबावीस. त्यासाठी साधारण ५ किलो सिमेंट, १० लिटर वाळू आणि २० लिटर खडी पुरते. पाणी बेताचंच: मुठीत दाबला की माल एकत्र राहावा, पाणी वाहू नये. पातळ माल खाचेतून ओघळतो आणि वाळताना आकसून होल्डफास्टभोवती फट सोडतो.

खाचेतली धूळ झाडा, आतल्या विटा पाण्याने भिजवा. कोरडी वीट ताज्या काँक्रीटमधलं पाणी ओढून घेते. होल्डफास्टच्या खालची जागा आधी भरा, मग वरची. लोखंडी गजाने हळू टोचून घट्ट करा, हातोड्याने ठोकून नव्हे. दर खाचेनंतर ओळंबा सोडून पाहा. खालची जोडी आधी, एक डावी, एक उजवी, मग मधली, मग वरची. एका बाजूच्या तिन्ही खाचा भरून मग दुसरीकडे जाणं म्हणजे चौकट हळूहळू दुसऱ्या बाजूला ढकलणं. सगळं त्याच दिवशी आणि तासाभरात उरका. अर्धवट घट्ट झालेला ठोकळा मागाहून हलला की तो धरत नाही.

## ७. पाणी, पाचरी काढणे आणि प्लास्टर

दुसऱ्या दिवसापासून सात दिवस काँक्रीटवर पाणी मारा. लाकडावर पाण्याचा फवारा मारण्याची गरज नाही. धीरे तीन दिवसांनी काढता येतात. आडपट्ट्या मात्र प्लास्टर होईपर्यंत राहू द्या. दार सात दिवसांच्या आत लावू नका.

काँक्रीट घट्ट झाल्यावर लाकडी पाचरी काढा आणि चौकट-भिंतीमधली १० मिमीची फट १:४ सिमेंट-वाळूच्या मालाने पूर्ण खोलीपर्यंत भरा. नुसता तोंडावर माल फासला तर आत पोकळी राहते आणि दार आपटलं की प्लास्टरला चौकटीच्या कडेने तडा जातो. खांबांखालचं लाकडी पॅकिंगही काढून तिथे दगडाच्या किंवा फरशीच्या कपच्या मालात बसवा. फरशीखाली ओलाव्यात राहिलेलं लाकूड वाळवीला वाटच करून देतं.

प्लास्टर करताना चौकटीच्या कडेला थापी लागून कोपरे उडतात. खांबांच्या कडांवर पातळ लाकडी पट्ट्या ठोकून ठेवल्या तर ते टळतं.

## कुठे ही पद्धत चालत नाही

अर्ध्या विटेच्या, ११५ मिमीच्या भिंतीत १०० मिमी खोल खाच पाडली तर मागे काहीच उरत नाही. तिथे चौकट आधी उभी करून भिंत तिच्याभोवती बांधत जायची आणि होल्डफास्ट बांधतानाच काँक्रीटच्या ठोकळ्यात घ्यायचे. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत होल्डफास्टच्या आजूबाजूच्या ब्लॉकचे पोकळ भाग आधी काँक्रीटने भरून घ्या, नाहीतर ठोकळ्याला धरायला नुसत्या पातळ भिंती राहतात. दगडी भिंतीत खाच पाडताना मोठा दगड हलला, तर तिथे पुढे न जाता जागा बदला आणि चौकटीवरचा होल्डफास्टही तेवढाच सरकवा.